‘वारल्या’, ‘निधन झाले’ की ‘देहान्त झाला’? पर्यायी शब्दकोश जपून कसा वापरावा

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी थिसॉरस हा शब्द ऐकायच्या आधीच एक थिसॉरस पाठ केलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकात ‘समानार्थी शब्द’ अशी यादी असते. पाणी – जल, नीर, उदक, तोय, सलिल, जीवन, पय. ती पाठ करायची आणि परीक्षेत गुण मिळवायचे. या यादीमुळे एक समज मनात पक्का बसतो, की मधल्या आडव्या रेघेचा अर्थ ‘बरोबर’, म्हणजे यातला कुठलाही शब्द कुठेही बसवावा. प्रत्यक्षात नळाला पाणी येतं, उदक येत नाही. रस्त्याखालची जलवाहिनी फुटते आणि घरातलं पाणी जातं. ‘पय’ तर परीक्षेच्या बाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

या याद्यांचं मूळ जुनं आहे. संस्कृतातला अमरकोश हा एका अर्थी थिसॉरसच. एकेका विषयाचे शब्द एकत्र करून श्लोकात बांधलेला, पाठ करण्यासाठी रचलेला. त्यात पाण्याच्या नावांचा श्लोक आहे: ‘आपः स्त्री भूम्नि वार्वारि सलिलं कमलं जलम्’. म्हणजे ‘कमल’ हेही पाण्याचं नाव. पुढच्या ओळीत ‘भुवनम्’ आणि ‘वनम्’ सुद्धा पाण्याच्याच नावांत येतात. वृत्तात लघु-गुरू जुळवणाऱ्या कवीला अशी यादी सोन्याची खाण असते. एक शब्द चरणात बसत नसेल तर दुसरा घ्यायचा. मराठीत मात्र ‘एक ग्लास कमल द्या’ म्हणून कुणाची तहान भागणार नाही. यादीत काहीच चुकलेलं नाही. ती ज्या कामासाठी केली, ते काम वेगळं होतं.

इंग्रजी थिसॉरसचीही अशीच गोष्ट आहे. लंडनचे डॉक्टर पीटर मार्क रॉजे यांचा कोश १८५२ साली निघाला. शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांच्या गटांत लावायचे, ही त्यांची पद्धत. प्रस्तावनेत त्यांनीच सांगून ठेवलंय, की सारख्या भासणाऱ्या शब्दांमधला फरक दाखवणं हा वेगळा अभ्यास आहे, त्यात आपण शिरलेलो नाही. नेमका शब्द निवडणं वापरणाऱ्याच्या जाणकारीवर आणि रुचीवर सोडलेलं आहे. म्हणजे कोशकाराने पहिल्याच पानांत हात वर केलेले. ती प्रस्तावना फारसं कुणी वाचत नाही, ही गोष्ट निराळी.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि मुद्रितशोधनाची कामं करतो. त्यामुळे सोसायटीतल्या लोकांचा एक समज झालाय, की नोटीस बोर्डावर लागणारा प्रत्येक कागद आधी माझ्या नजरेखालून गेला पाहिजे. पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीच्या किल्ल्या, यांत फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते माणसांबद्दल लिहिताना. त्यातलाच एक कागद इथे तपशिलात घेतो. पर्यायी शब्द कुठे कुठे पाय घसरवतात, ते त्या चार वाक्यांत झाडून सगळं सापडतं.

आमच्या इमारतीतल्या एक आजी गेल्या. सेक्रेटरींनी घाईघाईत हाताने लिहिलेला मजकूर असा होता:

“आपल्या इमारतीतल्या म्हाताऱ्या आजी काल रात्री वारल्या. त्यांचा स्वभाव साधा होता. इमारतीतल्या सगळ्या मुलांवर त्या प्रेम करायच्या. आज संध्याकाळी पाच वाजता जवाहरबागेत नेणार आहेत.”

समितीतल्या एका तरुण सभासदाला हा मजकूर ‘फार घरगुती’ वाटला. त्याने एक समानार्थी शब्दकोश उघडला आणि अर्ध्या तासात हे तयार केलं:

“आपल्या इमारतीतील जरठ रहिवासी श्रीमती … यांचा काल रात्री देहान्त झाला. त्यांचा स्वभाव भाबडा होता. इमारतीतील सर्व बालकांवर त्यांची आसक्ती होती. आज सायंकाळी पाच वाजता जवाहरबाग येथे क्रियाकर्म होईल.”

“आता कसं भारदस्त वाटतं!” असं म्हणत सेक्रेटरी हा कागद घेऊन माझ्याकडे आले. बदललेला प्रत्येक शब्द कोशात दिलेला होता. एकही शब्द त्या मुलाने मनाने घातलेला नव्हता. आणि तरी हा कागद आजींच्या मुलीने वाचला असता तर तिला वाईट वाटलं असतं.

सगळ्यात मोठी अडचण ‘देहान्त’ची आहे, म्हणून आधी तिकडेच जाऊ.

मरण या एका घटनेसाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशासाठी असतील. मेले, वारले, गेले, निवर्तले, निधन झाले, मृत्यू झाला, कालवश झाले, देवाज्ञा झाली, मृत्युमुखी पडले, दगावले, ठार झाले, खपले, गचकले. कोशात हे एका ओळीत, स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात आणि सगळ्यांचा गाभा एकच: जीव गेला. गाभ्याच्या बाहेर मात्र प्रत्येक शब्द आणखी काहीतरी सांगत असतो. कोण गेलं, कसं गेलं, सांगणारा कोण आहे आणि त्याला किती वाईट वाटतंय. स्वल्पविरामांच्या त्या ओळीत नेमकं हेच गळून पडतं.

‘दगावणे’ घ्या. रुग्ण दगावतो, गुरं दगावतात, बाळंतपणात बाळ दगावतं. यात उपचार किंवा जपणूक चालू होती आणि ती अपुरी पडली, असा भाव आहे. ऐंशी पार केलेल्या आजी झोपेत गेल्या तर त्या ‘दगावल्या’ म्हणता येत नाही, म्हटलं तर ऐकणारा लगेच विचारेल, “का, कुठल्या हॉस्पिटलात होत्या?” ‘मृत्युमुखी पडणे’ हे अपघाताचं किंवा आपत्तीचं, आणि बहुधा अनेक माणसांचं. दरड कोसळून लोक मृत्युमुखी पडतात. ‘ठार’ला बाहेरून आघात लागतो. ‘खपणे’मध्ये माणसाचा आकडा होतो: लढाईत हजारो खपले. शिवाय बाजारात माल खपतो, तो अर्थही मागून डोकावतोच. ‘गचकला’ कट्ट्यावर आणि तेही न आवडणाऱ्या माणसाबद्दल.

‘निधन’ हा शब्द आदर सोबत घेऊन येतो. म्हणून वर्तमानपत्र लेखकाच्या, शिक्षकाच्या, शेजारच्या काकांच्या जाण्याला निधन म्हणतं, पण चकमकीत मारल्या गेलेल्या गुंडाचं ‘निधन’ होत नाही. कुणी तसं लिहिलंच तर तो उपरोध वाटतो. तान्ह्या बाळाबाबतही ‘निधन’ अवघडच. तिथे ‘बाळ गेलं’ याहून जास्त काही म्हणवत नाही. ‘मृत्यू’ हा कोरडा, नोंदीचा शब्द. महापालिका ‘मृत्यूचा दाखला’ देते, ‘निधनाचा दाखला’ देत नाही. दाखल्यात हा कोरडेपणा हवाच असतो, कारण तिथे आदराचा प्रश्न येत नाही. घरच्या नोटिशीत तोच कोरडेपणा तुटक वाटतो.

मग ‘देहान्त’चं काय बिघडलं? हिंदीत हा रोजचा, सभ्य शब्द आहे. हिंदी बातम्यांत तो सतत कानावर पडतो, आणि तरुण सभासदाला तो ओळखीचा वाटला तो त्यामुळेच, असा माझा अंदाज. मराठीत मात्र ‘देहान्त’ म्हटलं की त्याच्यामागे ‘शासन’ किंवा ‘प्रायश्चित्त’ उभं राहतं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट मराठी घरात लहानपणीच कळते. ज्याच्या कानात ती बसली आहे त्याला आजींचा ‘देहान्त झाला’ हे वाक्य शिक्षा झाल्यासारखं ऐकू येतं. शब्दाचा अर्थ बरोबर आहे. त्याचे नेहमीचे शेजारी मात्र इथे चालणारे नाहीत. शब्द निवडताना हे शेजारी बघणं फार महत्त्वाचं असतं. कोणता शब्द कुणाबरोबर वावरतो ते पाहिलं की अर्धी चूक तिथेच टळते.

सेक्रेटरींचं मूळचं ‘वारल्या’ कसं होतं? माझ्या मते चांगलं होतं. सभ्य शब्द, बोलीतला, थोडा जुन्या वळणाचा. जिन्यात कुणी विचारलं तर हेच सांगायचं. बोर्डावरच्या कागदावर तो किंचित मोकळा वाटतो, इतकंच. ‘गेल्या’ त्याहून मायेचा आहे, पण लिहिताना त्यात एक खोच आहे. बोलताना ‘आजी गेल्या’ म्हटलं की आवाजावरून कळतं. कागदाला आवाज नसतो. ‘आजी काल रात्री गेल्या’ असं बोर्डावर वाचून कुणाला त्या गावाला गेल्या असंही वाटू शकतं. म्हणून इथे ‘निधन झाले’ योग्य. गंमत म्हणजे त्या कोशात हा शब्दही होता, ‘देहान्त’च्या दोन शब्द आधी. तो ‘फार साधा’ म्हणून सोडून दिला गेला.

शब्द बदलला की बाकीचं वाक्यही हलतं, हे याच ठिकाणी चांगलं दिसतं. आजी वारल्या: इथे आजी कर्ता. आजींचे निधन झाले: आता ‘निधन’ कर्ता, नपुंसकलिंगी, म्हणून ‘आजींचे’ आणि ‘झाले’. आजींचा मृत्यू झाला: पुल्लिंगी, म्हणून ‘आजींचा’. आजींना देवाज्ञा झाली: इथे चतुर्थी लागते आणि क्रियापद स्त्रीलिंगी होतं. चारही शब्द कोशात शेजारी शेजारी आहेत, पण एक काढून दुसरा बसवला तर ‘आजींचे देवाज्ञा झाली’ असला प्रकार होतो. घाईत बदललेल्या मजकुरात अशी लिंग-वचनाची मोडतोड मला सतत सापडते. ती दिसली की समजावं, इथे कुणीतरी कोश उघडला होता.

निधनाचे स्वतःचे जोडीदारही ठरलेले आहेत: वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. ‘म्हातारपणाने निधन’ म्हणून पाहा. अर्थ तोच, पण कानाला खडा लागतो. ‘निधन’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि तो आपल्यासारखेच शेजारी मागतो. ‘वारल्या’बरोबर मात्र ‘म्हातारपणाने’ बिनतक्रार राहतं. मराठीत हे कायम चालू असतं: संस्कृत वळणाचे, देशी वळणाचे, फारसीतून आलेले आणि इंग्रजीतून आलेले असे शब्दांचे थर आहेत, आणि वाक्यात एक शब्द वरच्या थरातला आला की तो इतरांनाही वर ओढू पाहतो. ‘सायंकाळी’ लिहिलंत की पुढे ‘नेणार आहेत’ ऐवजी ‘अंत्यसंस्कार होतील’ असंच हाताला येतं.

आता ‘जरठ’. कोशात तो ‘वृद्ध’च्या ओळीत असतो, पण आजच्या मराठीत तो जवळजवळ एकाच जागी जिवंत राहिला आहे: जरठ-कुमारी विवाह, म्हणजे म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लावलेलं लग्न. एकोणिसाव्या शतकातला तो वाद संपला, पण शब्दावरचा डाग राहिला. आजींना तो लावणं म्हणजे शिवीच. ‘म्हाताऱ्या’ हाही लेखी आदराला पुरत नाही. ‘ज्येष्ठ’ घ्यावा आणि पुढे जावं; इथे फार खल करण्यासारखं काही नाही.

‘साधा स्वभाव’ मात्र खल करण्यासारखा आहे. कोशातली ओळ अशी: साधा – सरळ, भोळा, भाबडा, बाळबोध, निष्कपट, निगर्वी, सामान्य, मामुली, बिनभपक्याचा. यातून एक निवडायचा कसा? माझी एक युक्ती आहे, कुणालाही करता येते. मूळ शब्दाचा उलटा शब्द लिहायचा, पण कोशातला नव्हे, या वाक्यातला. आजींचा स्वभाव साधा होता, म्हणजे कसा नव्हता? त्या धूर्त नव्हत्या, असं सांगायचंय का? नाही, तसा संशय कुणालाच नव्हता. मग ‘भोळा’ आणि ‘भाबडा’ गेले, कारण त्यांचा उलटा शब्द ‘धूर्त’ किंवा ‘व्यवहारी’. शिवाय ‘भाबड्या’ माणसाला कुणीही सहज फसवू शकतं, असंही त्यात येतं. आणि आजी तर दुधाच्या हिशेबात पैची चूक पकडायच्या. त्या असामान्य नव्हत्या, असं म्हणायचंय का? मुळीच नाही. मग ‘सामान्य’ आणि ‘मामुली’ गेले. प्रगल्भ नव्हत्या असंही नाही, तेव्हा ‘बाळबोध’ गेला. सांगायचं होतं ते हे, की मुलगा मोठ्या पदावर असूनही त्यांनी कधी मोठेपणा मिरवला नाही. उलटा शब्द ‘गर्विष्ठ’. राहिले ‘निगर्वी’ आणि थोडा ‘बिनभपक्याचा’. ‘निगर्वी’ एकटा जरा पुस्तकी वाटतो. ‘साधा, निगर्वी स्वभाव’ अशी जोडी केली की मूळचा शब्दही राहतो आणि तो कुठल्या अर्थाने वापरलाय तेही कळतं.

एका शब्दाला जितके वेगवेगळे उलटे शब्द सुचतात, तितके त्याचे अर्थ. आणि कोश बहुधा ते सगळे एकाच ओळीत ओततो. म्हणून उलटा शब्द आधी ठरवला की ओळीतले अर्धे उमेदवार आपोआप गळतात.

उरलं ‘प्रेम’. ‘आसक्ती’ वाचून मी कागद खाली ठेवला, हे सांगायला हरकत नाही. प्रेमाच्या ओळीत माया, ममता, वात्सल्य, जिव्हाळा, आपुलकी, लळा, लोभ, स्नेह, प्रीती, अनुराग, आसक्ती असे शब्द येतात. ‘आसक्ती’मध्ये सोडवत नाही अशी ओढ आहे आणि त्या ओढीला नावं ठेवणं आहे, विषयांची आसक्ती, सत्तेची आसक्ती. ‘अनुराग’ आणि ‘प्रीती’ नाटकातल्या नायक-नायिकांचे. ‘लोभ’ तर दुतोंडी आहे. पत्राच्या शेवटी ‘लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती’ असं लिहितात तेव्हा तो जिव्हाळा, आणि ‘पैशाचा लोभ’ म्हणतात तेव्हा हाव. पत्राच्या त्या ठरलेल्या वाक्याबाहेर पडला की तो बहुधा हावेकडेच झुकतो.

या गटात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे दिशा. माया, ममता आणि वात्सल्य मोठ्यांकडून लहानांकडे जातात. नातीने आजीवर वात्सल्य केलं, असं होत नाही. ‘लळा’ उलट्या दिशेचा: तो लहानाला लागतो, मोठा तो लावतो. म्हणजे ‘आजींना मुलांचा लळा होता’ आणि ‘मुलांना आजींचा लळा होता’ यांत दुसरं जास्त नैसर्गिक. ‘जिव्हाळा’ आणि ‘आपुलकी’ बरोबरीच्या, दोन्हीकडून चालणाऱ्या. पण त्यांना ‘विषयी’ किंवा ‘बद्दल’ लागतं. मुलांवर जिव्हाळा करता येत नाही, मुलांविषयी जिव्हाळा वाटतो. ‘लाडक्या’चंही तसंच. लाड मोठे करतात लहानांचे, म्हणून ‘सर्वांच्या लाडक्या आजी’ हे नातवंडांच्या तोंडी गोड आणि समितीच्या सहीखाली थोडं विचित्र.

आजींसाठी ‘माया’ सगळ्यात जवळचा. पण इथेही शेजारचं क्रियापद सांभाळावं लागतं. ‘मुलांवर माया केली’ ठीक. ‘सगळ्यांची माया मिळवली’ ठीक. ‘आजींनी इमारतीत पुष्कळ माया जमवली’ असं लिहिलं तर सेक्रेटरी धावत हिशेबाच्या वह्या तपासायला जातील, कारण ‘जमवलेली माया’ म्हणजे गैरमार्गाचा पैसा. शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे शिलाईत आत सोडलेलं जास्तीचं कापड, आणि प्रवचनात माया म्हणजे भ्रम. शब्द तोच राहतो. क्रियापद बदललं की माणूस साधूचा चोर होतो.

सेक्रेटरींचं मूळचं ‘प्रेम करायच्या’ चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. बदललं नसतं तरी चाललं असतं. ‘माया’ने आजी अधिक दिसतात, म्हणून बदललं.

शेवटचा शब्द ‘क्रियाकर्म’. तो दहाव्या-तेराव्यापर्यंतच्या विधींना लागतो, संध्याकाळी पाचला स्मशानात होणाऱ्या गोष्टीला ‘अंत्यसंस्कार’ म्हणतात. इथे पर्याय निवडताना अर्थच थोडा सरकला, आणि लोक चुकीच्या दिवशी यायची वेळ आली असती. ‘अंत्यसंस्कार’चा आणखी एक फायदा असा, की तो दहनालाही चालतो आणि दफनालाही.

बोर्डावर शेवटी लागलेला मजकूर:

“आपल्या इमारतीतील ज्येष्ठ सभासद श्रीमती … यांचे काल रात्री वृद्धापकाळाने निधन झाले. साध्या, निगर्वी स्वभावाच्या आजींनी इमारतीतल्या प्रत्येक मुलावर माया केली. अंत्यसंस्कार आज सायंकाळी पाच वाजता जवाहरबाग स्मशानभूमीत होतील.”

पहिल्या वाक्यात ‘श्रीमती’ आणि दुसऱ्यात ‘आजी’, हे मुद्दाम. बातमी औपचारिक हवी, आठवण घरची हवी.

जाणकाराच्या नजरेला आणखी एक बदल दिसेल: ‘रहिवासी’चं ‘सभासद’ झालं. हे सुंदर दिसावं म्हणून केलेलं नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ‘सभासद’ म्हणजे जिच्या नावावर भागपत्र आहे ती व्यक्ती. भाडेकरू रहिवासी असतो, सभासद नसतो. आजी सभासद होत्या. शाळेत आपल्याला ‘एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका’ असं शिकवतात आणि त्या भीतीने लोक पहिल्या ओळीत सभासद, दुसऱ्या ओळीत रहिवासी आणि तिसऱ्या ओळीत सदनिकाधारक लिहितात. वाचणाऱ्याला तीन वेगळे गट वाटतात आणि मग भाडेकरू विचारायला येतात, “आमचंही मतदान आहे का?” सूचना, नियम, करार, औषधाची माहिती, अशा ठिकाणी एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव ठेवावं. तिथे पर्यायी शब्दकोश बंद ठेवलेला बरा.

मग कोश उघडायचा कधी? शब्द आपल्याला माहीत असतो पण ऐन वेळी आठवत नाही, तेव्हा. ‘काळजी’ लिहितोय पण ते पुरत नाही, मनातलं काहीतरी हलकं, अस्वस्थ, नेमक्या कारणाशिवायचं आहे. कोशात काळजीच्या ओळीत चिंता, विवंचना, धास्ती, घोर यांच्यामध्ये ‘हुरहुर’ दिसते आणि आपण म्हणतो, हाच! हा शब्द आपल्या ओळखीचा होता, त्याची माणसं आणि शेजारी आपल्याला माहीत होते, म्हणून तो लगेच ओळखू आला. ओळीतला जो शब्द पहिल्यांदाच पाहतोय, तो तसाच उचलून वाक्यात ठेवू नये. त्याची आधी चौकशी करावी.

चौकशी करायला दोन-तीन जागा आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या मराठी शब्दबंधात, म्हणजे वर्डनेटमध्ये, समान अर्थाच्या शब्दांच्या गटाबरोबर त्या अर्थाची व्याख्या आणि एक उदाहरण-वाक्य असतं. आपलं वाक्य त्या उदाहरणाच्या जवळचं नसेल तर थांबावं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला, आता इंटरनेटवरही शोधता येतो. त्यात अर्थाआधी कंसात छोट्या खुणा असतात आणि बहुतेक लोक त्या वगळून वाचतात. ‘(काव्य)’ असेल तर शब्द कवितेतला, नोटिशीतला नव्हे. ‘(ल.)’ म्हणजे लक्षणेने आलेला अर्थ. ‘(कों.)’, ‘(गो.)’, ‘(व.)’ म्हणजे कोकणातला, गोव्याकडचा, वऱ्हाडातला वापर, तो शब्द ठाण्यात लोकांना कळेलच असं नाही. अवतरण ज्ञानेश्वरीतलं असेल तर शब्द जुना आहे, हे उघड. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती जुन्या वापराच्या टिपांसाठी उत्तम, पण ती दीडशे वर्षांहून जुनी आहे हे ध्यानात ठेवून.

आजचा वापर हवा तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तो शब्द त्याच्या शेजारच्या शब्दासकट अवतरण चिन्हांत घालून इंटरनेटवर शोधणं. “देहान्त झाला” असं शोधा, मग “निधन झाले” असं शोधा, आणि सापडलेली चार-पाच वाक्यं पूर्ण वाचा. नुसता सापडण्याचा आकडा पाहून उपयोग नाही. कोण लिहितंय, कुणाबद्दल, बातमीत की कवितेत की हिंदीवरून घाईत केलेल्या भाषांतरात, हे बघायचं.

आणि काही निवडी कुठल्याच कोशात नसतात. दिवंगत माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावायचं की ‘दिवंगत’, ‘वै.’ की आणखी काही, हे त्या घरावर अवलंबून असतं. ‘कैलासवासी’ शिवाच्या कैलासाचं, ‘वैकुंठवासी’ विष्णूच्या वैकुंठाचं आणि विशेष करून वारकऱ्यांच्या घरातलं. मुस्लीम माणसाबद्दल मराठी वर्तमानपत्रं ‘पैगंबरवासी’ लिहितात, ख्रिस्ती माणसाबद्दल ‘ख्रिस्तवासी’. ‘महापरिनिर्वाण’ हा बौद्ध परंपरेतला शब्द, मराठी माणसाच्या मनात ६ डिसेंबरशी आणि डॉ. आंबेडकरांशी बांधलेला, तो कुणालाही लावायचा नसतो. मिश्र वस्तीच्या इमारतीत ‘दिवंगत’ सगळ्यांना चालतो, पण घरच्यांना विचारणं सगळ्यात चांगलं. आम्ही आजींच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “कै. नको हो, आईला देवाधर्माचं फार नव्हतं.”

काही आठवड्यांनी सेक्रेटरी पुन्हा एक कागद घेऊन आले. सदनिका वारसांच्या नावावर करायची होती आणि त्यासाठी हरकती मागवणारी सूचना वर्तमानपत्रात द्यायची होती. नमुन्यात ‘मयत सभासद’ असं लिहिलेलं होतं. सेक्रेटरी आता सावध झाले होते. “हे फार कोरडं आहे, ‘दिवंगत’ करू?” त्यांनी विचारलं. ‘मयत’ हा अरबीतून आलेला, पोलिसांच्या पंचनाम्यातला, कोर्टातला शब्द. बोर्डावरच्या नोटिशीत तो खटकला असता. इथे मात्र वारस, हितसंबंध, हरकत, भाग असे सगळे शेजारी त्याच कायद्याच्या घराण्यातले होते आणि कागद वकील वाचणार होता. मी तो तसाच ठेवायला सांगितला.